अण्णांचा निरोप आणि अकरा टोपणं

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका हॉलमध्ये ओळखीच्या एका गृहस्थांच्या सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमाला गेलो होतो. बाहेर झड लागलेली, दारात छत्र्यांचा ढीग, आत ओल्या सतरंजीचा वास आणि पुढच्या टेबलावर कुंद्याचे बॉक्स रचून ठेवलेले. शाल झाली, हार झाला, फेटा बांधून झाला. मग त्यांच्या ऑफिसातला एक तरुण माइकवर आला आणि म्हणाला, "आमचे साहेब साडेदहाला यायचे, अकराला चहाला जायचे, आणि बाराला परत आलेत की नाही ते फक्त त्यांच्या खुर्चीला माहीत!" हॉल खदखदून हसला. साहेबही हसले. मी दुसऱ्या रांगेत होतो. माझ्या पुढे साहेबांच्या मिसेस बसल्या होत्या, शेजारी पुण्याहून आलेली मुलगी. त्या मुलीकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "रोज साडेआठला घर सोडायचे की गं हे." मुलगी काही बोलली नाही. माइकवरचा तरुण पुढच्या विनोदाकडे वळला होता.

त्या मुलाच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मला आजही पक्कं वाटतं. साहेबांना चहा आवडायचा एवढंच त्याला माहीत असणार आणि त्यावरून त्याने गंमत रचली. पण घरच्यांच्या देखत, एवढ्या वर्षांच्या नोकरीबद्दल सगळ्या गावापुढे बोलायची ती एकच वेळ होती, आणि तिथे बोललं गेलं ते असं. त्या बाईंचं वाक्य मला बरेच दिवस सोडत नव्हतं. जेवताना आठवायचं, गाडीवरून गोगटे सर्कलला सिग्नलला थांबलो की आठवायचं. निरोपाच्या भाषणातले नेहमीचे विनोद आपण सगळ्यांनी ऐकलेत. आता घरी मोठ्या साहेबांच्या हाताखाली काम, आता भाजी आणायची ड्यूटी, आता दुसरी इनिंग. ते कुणालाही लागू पडतात, म्हणून कुणाचेच नसतात. त्या तरुणाचा विनोद मात्र त्या माणसाबद्दल होता, आणि नेमका तोच बोचला. मग हसवायचं तरी कशावर, हा प्रश्न माझ्याजवळ राहिला.

आणि मे महिन्यात आमचे अण्णा निवृत्त व्हायची वेळ आली.

अण्णा आमच्या पतसंस्थेतले कॅशिअर. १९९१ साली लागले, तेव्हापासून त्याच जाळीच्या केबिनमध्ये. त्यांना नावाने हाक मारणारं ऑफिसात कुणी नाही. येळ्ळूरचा शेतकरी असो की बैलहोंगलकडचा व्यापारी, मराठीत असो की कन्नडमध्ये, सगळ्यांचे ते अण्णाच. निरोपाचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मॅनेजर साहेब म्हणाले, "हसवा, पण अण्णा आहेत हे लक्षात ठेवा." साहेब मूळचे हुक्केरीकडचे, घरी कन्नड बोलतात, मराठी छान समजतं. त्यांच्या त्या एका वाक्यात सगळं आलं होतं.

मी आधी लिहायला बसलोच नाही. आधी विचारत फिरलो. अशा कामात आपल्याला जे आठवतं त्यावर भागवू नये, कारण आपण त्या माणसाला एकाच खिडकीतून पाहिलेलं असतं. व्हाउचर्स तपासून पास करणाऱ्या पासिंगच्या मॅडमनी त्यांना संध्याकाळी पाहिलेलं असतं, हिशेब जुळवताना. शिपाईमामांनी सकाळी पाहिलेलं असतं, शटर वर जाण्याआधी. पिग्मी एजंटांनी ऐन गर्दीत पाहिलेलं असतं. मी प्रत्येकाला एकच गोष्ट विचारत होतो. "अण्णा म्हटलं की पहिलं काय दिसतं?" कसे आहेत असं विचारलं तर लोक "देवमाणूस" म्हणतात आणि थांबतात. काय दिसतं म्हटलं की लगेच हात हलायला लागतात, लोक करून दाखवायला लागतात.

शिपाईमामांनी तिजोरी दाखवली. आमच्याकडे तिजोरीला दोन किल्ल्या, एक मॅनेजरकडे, एक कॅशिअरकडे, आणि दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. "साहेब किती आले नि गेले," मामा म्हणाले, "ही दुसरी किल्ली तीच हाय बघा." मामांच्या म्हणण्याप्रमाणे अण्णा किल्ली फिरवण्याआधी दाराला एकदा हात लावतात, नमस्कार केल्यासारखा, आणि तो नमस्कार नसतो. रात्रीत दाराला ओल धरली का ते बघतात. बेळगावच्या जुलैत लोखंडसुद्धा घामेजतं.

ओल हा अण्णांचा जुना वैरी. पावसाळ्यात पिग्मीच्या नोटा ज्या अवस्थेत येतात ते केबिनच्या आत बसल्याशिवाय कळत नाही. पिग्मी म्हणजे दुकानदार, भाजीवाल्या, रिक्षावाले रोज थोडे थोडे जमवतात ती बचत, एजंट दारोदार फिरून गोळा करतो ती. उडुपीला १९२८ साली, पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या बँकेनं ही पद्धत काढली आणि आमच्या भागात ती इतकी मुरली की पतसंस्थेचं निम्मं चलनवलन पिग्मीवरच चालतं. हा पैसा रेनकोटाच्या खिशातून, ओल्या पदरातून, माशांच्या टोपलीशेजारच्या डब्यातून येतो. दहाच्या, वीसच्या नोटा एकमेकींना चिकटलेल्या. त्या मशीनला घातल्या की दोन नोटा एक म्हणून जातात, किंवा मशीन मध्येच थांबून शिट्टी मारतं. अण्णा अशा नोटा सुट्ट्या करून कालच्या तरुण भारतच्या पानावर पंख्याखाली मांडायचे आणि उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर दहा रुपयांचं नाणं ठेवायचे. आमच्या बाजारात दहाचं नाणं घ्यायला लोक कुरकुर करतात. चलनातलं आहे, रिझर्व्ह बँकेनं वारंवार सांगितलंय, तरी दुकानदार हात मागे घेतो आणि ती सगळी नाणी शेवटी आमच्या काउंटरवर येतात. जे नाणं कुणी घेत नाही त्याला अण्णांनी काम लावलं होतं. चारच्या सुमाराला केबिनमध्ये डोकावलं की वाळत घातलेल्या नोटांचं एक अंगण दिसायचं, आणि ओला कागद, शाईचा पॅड आणि माशाचा मिळून एक वास यायचा. तो वास मला आवडतो.

असं विचारता विचारता माझ्याकडे बरंच जमलं. मग गाळायला बसलो, आणि खरं काम ते होतं. अण्णांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. त्यावर ऑफिसात गमती चालतात, स्वतः अण्णाही करतात. "ह्या कानाला फक्त जमा ऐकू येतं, खर्च न्हाई." हे त्यांनी म्हटलं तर फर्मास. मी माइकवरून म्हटलं तर ते त्यांच्या कानावर बोट ठेवणं झालं. जो विनोद माणूस स्वतःवर करतो तो त्याचा असतो, तो उसना घेऊन त्याच्याच सत्काराला वापरू नये. ते काढलं. त्यांची जुनी स्कूटर काढली, कारण ती त्यांनी मुलाच्या शिक्षणापायी इतकी वर्षं बदलली नाही हे मला ठाऊक होतं. एक यमक जुळवलेली कविता एका सहकाऱ्याने दिली होती, तीही ठेवली नाही. मॅनेजर साहेबांना वाचून दाखवली तेव्हा ते सौजन्याने हसले. हॉलमध्ये निम्मे लोक असेच सौजन्याने हसले असते. अण्णा काय करतात हे सांगितलं की मात्र साहेब पोट धरून हसत होते. तेव्हा कृतीतला विनोद ठेवायचा, शब्दांची कसरत नको, हे ठरलं.

सगळ्यात चांगली गोष्ट पासिंगच्या मॅडमनी सांगितली आणि त्यांनीच ती मजकुरात घालू दिली नाही. एका संध्याकाळी कॅश एकशे ऐंशीने कमी आली. कॅश जुळत नसली की कॅशिअर रकमेकडे बघून आधी विचार करतो, मग शोधतो. एकशे ऐंशीला नवाने भाग जातो. नवाने भाग जाणारा फरक आला की पहिला संशय आकडे उलटसुलट लिहिल्याचा, म्हणजे तीनशे दहाचे कुणीतरी एकशे तीस लिहिलेत का. अण्णांनी सगळी व्हाउचर्स परत पाहिली, तसं काही नव्हतं. मग ते डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "दोनशेची वीस म्हणून गेली." दोनशेची नोट पिवळी, नवी वीसची हिरवट पिवळी, ट्यूबलाइटखाली आणि गर्दीत एकमेकींच्या बहिणी. दोनशे वजा वीस, एकशे ऐंशी. मग आज वीसच्या नोटांची मोड कुणी नेली ते आठवत गेले आणि एका फुलवालीपाशी थांबले. तिला फोन करू का असं मॅडमनी विचारलं तर म्हणाले, "नको गं. तिनं ठेवून घेतलीय असं वाटायला नको तिला. नोट असली तर येईल." आणि खिशातून एकशे ऐंशी काढून भरले. दुसऱ्या दिवशी उघडायच्या वेळेला फुलवाली दारात उभी. पुडीत दोनशेची नोट आणि वर अबोलीचा एक वळेसर. तिच्या दहा विसांमध्ये एक दोनशेची निघाली होती.

मी म्हटलं, मॅडम, हे तर घालायलाच हवं. त्या म्हणाल्या, "अजिबात नको. पुढे संचालक बसणार, ठेवीदार बसणार. कॅशिअरच्या निरोपात 'कॅश कमी आली' हे शब्द आले की निम्मे लोक तेवढंच घरी घेऊन जातात. पुढचं कोण ऐकतो?" त्यांचं बरोबर होतं. कॅशिअरच्या बाबतीत पैसे कमी येणं, शिक्षकाच्या बाबतीत निकाल, कंडक्टरच्या बाबतीत तिकीट, हे विषय गोड शेवट असला तरी हसण्यात नेऊ नयेत. ती गोष्ट मी इथे लिहितोय कारण इथे पुढचं वाचणारे आहेत.

घरी फोन केला. वहिनींना म्हटलं, अण्णांना सांगू नका, पण घरात कसे असतात तेवढं सांगा. त्या आधी म्हणाल्या, "आमचं काय सांगायचं, घरात कुठं बोलतात ते?" आणि मग अर्धा तास बोलल्या. गल्लीत कुठलंही लग्न असलं की आहेराच्या टेबलावर अण्णांना बसवतात. पाकिटावरचं नाव, आतली रक्कम, वहीत नोंद. एका लग्नात जेवणाची शेवटची पंगत उठली तरी हे टेबलावरून उठेनात, कारण वहीत आणि पाकिटांत एक्कावन्न रुपयांचा फरक होता. नवरा-नवरी गाडीत बसून थांबली होती. शेवटी पाकीट नवरीच्या मामाच्या खिशात निघालं. वहिनी हे सांगताना फोनवर इतक्या हसल्या की मला कळलं, आपला मजकूर पुढच्या रांगेत बसून ऐकणारं माणूस हे आहे. या हसण्याला धक्का लागेल असं एकही वाक्य नको, आणि हे हसणं येईल असं निदान एक तरी हवं.

मग लिहिलं. चार मिनिटांत वाचून होईल एवढंच. निरोपाच्या कार्यक्रमात बोलणारे पुष्कळ असतात आणि हार घातलेला माणूस उकाड्यात बसलेला असतो. ऑफिसातला विनोद बाहेरच्याला कळावा म्हणून प्रत्येक गमतीआधी एक ओळ ओळखीची घातली, जास्त नाही, कारण फोड करत बसलो की गंमत मरते. हसण्याची सगळ्यात मोठी जागा शेवटून दुसरी ठेवली. शेवटची जागा अण्णांसाठी. जे वाचलं ते असं.

"अण्णा,

कार्यक्रमपत्रिकेत छापलंय की तुमची साठ वर्षं पूर्ण झाली. इथल्या सगळ्यांना माहीत आहे की तुमचा जन्म श्रावणातला, नागपंचमीच्या आदल्या दिवशीचा. शाळेत घालताना गुरुजींनी एक जून लिहिला आणि तुम्ही आपले एक जूनचे झालात. एक तारखेचा जन्म म्हणून आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्ती, म्हणून आज एकतीस मे. म्हणजे हिशेबाने तुम्ही अजून साठचे झालेलाच नाही! जो माणूस पाच रुपयांच्या फरकासाठी सात वाजेपर्यंत कुणाला उठू देत नाही, त्याने स्वतःच्या वयातला दोन महिन्यांचा फरक जन्मभर सोडून दिला. तुमच्या हातून सुटलेला हा एकमेव फरक, आणि तोही तुमच्या तोट्याचा.

नव्या मुलांना सांगतो. काउंटरवर नोटा मोजायचं जे मशीन आहे त्याचं नाव जावई. नाव अण्णांनी ठेवलंय. त्याला झाकून ठेवावं लागतं, रोज पुसावं लागतं, ओलं चालत नाही, मळकं चालत नाही, आणि ऐन गर्दीत ते रुसून बसतं. अण्णा, तुम्ही जावयाचा मान राखलात, पण हिशेब त्याच्या हाती दिला नाहीत. आधी हाताने मोजायचं, मग जावयाला मोजायला द्यायचं, आणि जावयाला वाईट वाटू नये म्हणून त्याच्यावर झाकण घालून पुन्हा हाताने मोजायचं. सोमवारपासून जावई एकटा आहे. त्याला सांभाळून घेण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

पिग्मीवाल्यांनी पिशवी टेबलावर ठेवायची, आणि पिशवी उघडायच्या आत तुम्ही गल्ली सांगायची. वास आला की कॅम्पातलं फिश मार्केट. गुळाचा चिकटा लागला की किराणा लाइन. आणि दोन शिंका आल्या की आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो, रविवार पेठ आली! ब्याडगी मिरचीनं इतक्या वर्षांत तुम्हाला दिलेल्या शिंकांची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही, याची संचालक मंडळाने दखल घ्यावी.

वहिनी, तुमच्याकडे आम्ही एक घडलेला माणूस परत देतोय, पण तो कॅशिअर आहे. गल्लीतल्या लग्नात आहेराच्या टेबलावर त्यांना बसवायला हरकत नाही. फक्त वरात निघायच्या वेळेच्या दोन तास आधी हिशेब सुरू करा, आणि नवरीच्या मामाचे खिसे आधी तपासून घ्या.

आता एक गंभीर बाब. अण्णा पेन मागितलं तर देतात, टोपण देत नाहीत. टोपण नसलेलं पेन कुणी खिशात घालत नाही, असा त्यांचा विश्वास. काल आम्ही अण्णांच्या ड्रॉवरची मोजदाद केली. त्यात अकरा टोपणं आहेत आणि पेन एकही नाही. ती अकरा पेनं या हॉलमध्ये आहेत असा आमचा दाट संशय आहे. सभासद, ठेवीदार, एजंट, कर्मचारी, संचालक, कुणालाही वगळलेलं नाही. स्टेजवर एक ताट ठेवलंय. अण्णांना जाताना भेट म्हणून त्यांचीच पेनं परत करावीत ही विनंती.

अण्णा, रोज पाचनंतर आमचे कान तुमच्या केबिनकडे असायचे. आत नोटांचा आवाज थांबायचा, मग गणकयंत्राची टकटक, मग थोडा वेळ काहीच नाही. मग तुम्ही म्हणायचा, 'बसलं!' तेव्हा चहा यायचा, तेव्हा पिशव्या भरायच्या, तेव्हा शटर खाली यायचं. नोटबंदीत रात्रीचे अकरा वाजले तरी ते ऐकल्याशिवाय कुणी घरी गेलं नाही. मुलाचं लग्न ठरलं तरी आम्ही 'बसलं' म्हणतो, कर्ज मंजूर झालं तरी म्हणतो, पावसाळ्यानंतर छत गळायचं थांबलं तेव्हाही म्हटलं. ते आम्हाला तुमच्याकडून मिळालं. आज तुमचा हिशेब आम्ही मांडलाय. आमच्याकडून जमेला फार आहे. तपासून घ्या, आणि जुळत असेल तर एकदा म्हणा."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासून उकडत होतं आणि साडेपाचला वळीव आला. वीज गेली, माइक बंद पडला, हॉलचे पंखे थांबले. मी कागद घेऊन पायऱ्या उतरून पहिल्या रांगेसमोर उभा राहिलो आणि मोठ्याने वाचलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता, त्यामुळे मागच्या लोकांना पुढे यावं लागलं आणि सगळे अण्णांच्या भोवती जमले. नागपंचमीला आधी अण्णाच हसले. जावयाला मॅनेजर साहेब हसले, इतके की त्यांनी शेजारच्या संचालकांना कन्नडमध्ये पहिल्यापासून सांगायला घेतलं आणि मला थोडं थांबावं लागलं. रविवार पेठेला एजंटांच्या रांगेतून कुणीतरी खरीच शिंक काढली. आहेराच्या टेबलाला वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि अण्णा त्यांच्याकडे बघत होते. ह्यांना हे कुणी सांगितलं, असा चेहरा. त्यांची सून मोबाइलवर सगळं टिपत होती.

पेनांच्या जागेला मात्र मला वाटलं होतं त्याहून वेगळं झालं. मला वाटलं होतं लोक हसतील आणि पुढे सरकू. पण एक म्हातारे ठेवीदार, अनगोळचे, हळूहळू पुढे आले, बंडीच्या खिशातून बिनटोपणाचं निळं पेन काढलं आणि ताटात ठेवलं. टण्ण आवाज झाला. मग शिपाईमामा आले. मग एक एजंट. मग चक्क व्हाइस चेअरमन उठले आणि टाळ्या पडल्या. पेन ठेवणारा प्रत्येकजण अण्णांच्या पाया पडत होता किंवा खांद्याला हात लावत होता. रांग लागली, काउंटरपुढे लागते तशी, आणि अण्णा सवयीने "एक एक या, घाई नको" म्हणाले.

शेवटचा परिच्छेद वाचून झाला. हॉलमध्ये मागून पोरं ओरडायला लागली, "अण्णा, बसलं म्हणा! बसलं म्हणा!" साहेबही म्हणाले, "हेळ्री अण्णा." अण्णा उभे राहिले. फेटा थोडा कलला होता, तो त्यांनी सारखा केला. त्यांना बोलायला सांगितलं होतं, त्यांच्या खिशात चार ओळींचा कागदही होता असं मुलगा नंतर म्हणाला. तो त्यांनी काढलाच नाही. ते सरळ ताटाकडे गेले. मेणबत्तीच्या उजेडात पेनं एका ओळीत लावली, बोटाने मोजली. पुन्हा मोजली. मग जावई नाही म्हणून नव्या कॅशिअरला, त्या चोवीस वर्षांच्या पोरीला, जवळ बोलावून म्हणाले, "तू मोज." तिने मोजली. मग त्यांनी परत एकदा स्वतः मोजली.

"सात," अण्णा म्हणाले. "टोपणं अकरा, पेनं सात. चार शॉर्ट हायत. चार कमी असताना कसं गा बसलं म्हणू?"

हॉल कोसळला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातला मजकुराचा कागद घेतला, उलटा केला, ताटातलंच एक पेन उचलून पाठीमागे तारीख घातली, खाली लिहिलं 'पेन ४ येणे', सही केली आणि तो कागद नव्या कॅशिअरकडे देत म्हणाले, "फाइलला लाव. सोमवारी येऊन बघतो."